साका कुठे गेला?

आमच्या डायलिसिस कक्षाबाहेरच्या बाकावर बसून एक मुलगा बरेच दिवस अकरावी-बारावीचा अभ्यास करायचा. त्याच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. एकदा मी बाहेर आलो तेव्हा त्याने रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक वही पुढे केली. ‘‘सर, तुरटीच्या पाण्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले की पांढरा साका येतो. आणखी टाकले की तो नाहीसा होतो. वहीत लिहायचंय ‘अधिक अल्कात विद्राव्य’. पण का, ते कुणी सांगत नाही.’’

मी त्याला सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर या भिंतीपलीकडे, तुझे वडील ज्या पाण्यावर आहेत त्याच्याशी जोडलेलं आहे. तेव्हा मला वाटलं की हे पाच मिनिटांत उरकेल. तसं झालं नाही, म्हणून आजचा लेख.

साका म्हणजे अवक्षेप. तुरटीत अ‍ॅल्युमिनियमचा आयन असतो, त्यावर तीन धन भार. हा आयन आकाराने फार लहान आहे आणि एवढ्याशा जागेत तीन भार बसलेले असल्यामुळे त्याची ओढ जबरदस्त असते. पाण्यात तो कधीच एकटा फिरत नाही. पाण्याचे सहा रेणू त्याला बिलगलेले असतात, प्रत्येकाची ऑक्सिजनची बाजू आत आणि हायड्रोजनची बाजू बाहेर. अ‍ॅल्युमिनियमची ओढ इतकी की या रेणूंमधला हायड्रोजन सैल पडतो. तुरटीचं पाणी आंबट लागतं ते यामुळेच, हे सैल हायड्रोजन पाण्यात सुटतात.

आता यात अल्क, म्हणजे हायड्रॉक्साइड आयन, टाकू या. हायड्रॉक्साइड एकेक करून तो सैल हायड्रोजन काढून घेतो. एक हायड्रोजन गेला की बिलगलेल्या पाण्याच्या जागी हायड्रॉक्साइड उरतो आणि एकूण भार तीनवरून दोन होतो. दुसरा गेला की एक. तिसरा गेला की शून्य. इथे गंमत होते. भार असेपर्यंत हे कण एकमेकांना दूर ठेवत होते आणि पाण्याला जवळचे वाटत होते. भार शून्य झाल्यावर एकमेकांना दूर ठेवायला काही उरत नाही, ते एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात आणि डोळ्यांना पांढरा, जेलीसारखा साका दिसतो. तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड.

पण ओढ अजून संपलेली नसते. आणखी अल्क टाकला की चौथा हायड्रॉक्साइडही येऊन बसतो:

Al(OH)₃ + OH⁻ ⇌ [Al(OH)₄]⁻

शून्यावरून भार पुन्हा एक, पण या वेळी ऋण. पुन्हा हे कण एकमेकांना ढकलू लागतात, पाणी त्यांना पुन्हा आपलंसं करतं आणि साका दिसेनासा होतो. चार हायड्रॉक्साइड मध्ये एका अ‍ॅल्युमिनियमला धरून बसलेले आहेत, अशा आयनाला जटिल आयन म्हणतात. याचं नाव अ‍ॅल्युमिनेट. म्हणजे साका ‘संपला’ नाही. शून्य भाराचं ते एक स्थानक होतं आणि आपण त्याच्या पुढे निघून गेलो. आम्ल टाकलं की मागे जातो आणि विरघळतो, अल्क टाकला की पुढे जातो आणि विरघळतो. दोन्हीकडे विरघळतो म्हणून त्याला उभयधर्मी म्हणतात.

जस्ताचं असंच आहे, फक्त त्याचा भार दोन असल्यामुळे शून्याचं स्थानक दोन पावलांवर येतं आणि पुढे जाऊन तो [Zn(OH)₄]²⁻ होतो. जस्ताला आयनावर दोन हायड्रॉक्साइड जास्तीचे लागतात, म्हणून त्याचा साका अधिक तीव्र अल्कात विरघळतो. सर्वांत कमी विद्राव्यता जस्तासाठी पीएच ९ ते १० च्या आसपास असते. अ‍ॅल्युमिनियमसाठी ती ६ ते साडेसहाच्या आसपास. पीएच म्हणजे आम्लता-अल्कता मोजायची फूटपट्टी, ७ ला तटस्थ.

मुलाचा पुढचा प्रश्न बरोबर होता. मग लोखंडाचा तांबडा साका का विरघळत नाही? लोखंडाच्या आयनावरही तीनच भार. उत्तर असं, की इथे दोन ओढींची रस्सीखेच चालू असते. एका बाजूला घन रूपात एकत्र राहण्याची ओढ, दुसऱ्या बाजूला चौथा हायड्रॉक्साइड घेऊन पाण्यात जाण्याची. पहिली मोजतात विद्राव्यता गुणाकाराने, दुसरी जटिल आयनाच्या स्थिरांकाने, आणि दोन्हींचा गुणाकार केला की साका किती पुढे सरकेल ते कळतं. ताज्या, अजून न मुरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या साक्यासाठी पहिला आकडा साधारण १०⁻³¹·⁵ आणि दुसरा १०³³ आहे. गुणाकार येतो १०¹·⁵, म्हणजे ३० च्या घरात. लोखंडातही चार हायड्रॉक्साइडवाला आयन तयार होतो, आणि त्याची ओढही तेवढीच दांडगी आहे. पण लोखंडाच्या साक्याचा गुणाकार इतका लहान, साधारण १०⁻³⁸ च्या आसपास, की अंतिम आकडा अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत लाखपटींहून कमी भरतो. साका जागचा हलत नाही.

आपण कोकणातले लोक या फरकावर रोज चालतो. आपला जांभा तांबडा आहे तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, आणि त्याच जांभ्याच्या सड्यांवर ठिकठिकाणी बॉक्साइट आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. दोन्ही एकत्र मिसळलेली. वेगळी करायची कशी? कार्ल बायर या रसायनतज्ज्ञाने १८८० च्या दशकात जे पेटंट घेतलं ते याच प्रात्यक्षिकाचं मोठं रूप आहे. बॉक्साइट दळून गरम, दाबाखालच्या कॉस्टिक सोड्यात टाका. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅल्युमिनेट होऊन विरघळतं, लोखंड तांबड्या चिखलाच्या रूपात तळाशी राहतं. ते गाळा, द्रव थंड करा, थोडं तयार हायड्रॉक्साइड बी म्हणून पेरा, आणि साका परत मिळतो. बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात हेच चालतं. बॉक्साइट इथल्या सह्याद्रीचा, शास्त्र मुलाच्या वहीतलं.

आता पाण्याकडे वळू. पावसाळ्यात आपल्या नद्यांचं आणि धरणांचं पाणी गढूळ होतं. त्यात जलशुद्धीकरण केंद्रावर तुरटी टाकतात. ती घरातली पोटॅश तुरटी नव्हे, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असते, पण काम तेच. पाण्यात साका तयार होतो, मातीचे कण त्यात अडकतात, गठ्ठे खाली बसतात, राहिलेलं वाळूच्या गाळणीत अडकतं. म्हणजे आपल्या नळाचं पाणी स्वच्छ होतं ते त्या ‘शून्य भाराच्या स्थानकावर’ गाडी थांबल्यामुळे. गाडी पुढे गेली तर?

पुढे जाण्याची वाट सोपी आहे. तुरटी आम्लधर्मी असते, म्हणून ती पाण्याची अल्कता खाते. साधारण एक मिलिग्रॅम तुरटी अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते, अशी मोजायची पद्धत आहे. जांभ्याच्या मुलखातलं पाणी मुळात मऊ असतं, क्षार कमी, अल्कता कमी. समजा पाण्यात लिटरमागे २५ मिलिग्रॅम अल्कता आहे आणि गढूळपणामुळे ४० मिलिग्रॅम तुरटी टाकावी लागली. २० मिलिग्रॅम अल्कता गेली, ५ उरली, पीएच घसरला. तो सावरायला चुना टाकतात. बरोबरीने भरून काढायला लिटरमागे १५ मिलिग्रॅम चुना लागतो. पण इथे सावरायला काही नाही, पाणी मऊ आहे, त्याच्यात आघात झेलायची ताकद थोडी. पाचसात मिलिग्रॅम चुना जास्त पडला की पीएच साडेआठ ते नऊच्या घरात जाऊ शकतो.

त्यात किती अ‍ॅल्युमिनियम विरघळेल, ते वरच्या ३० या आकड्यावरून काढता येतं. पाण्यातल्या हायड्रॉक्साइडच्या संहतीला ३० ने गुणलं की अ‍ॅल्युमिनेटची संहती मिळते. पीएच साडेसहाला उत्तर येतं लिटरमागे सुमारे ०.०३ मिलिग्रॅम. पीएच एकाने वाढला की हायड्रॉक्साइड दसपट, म्हणून अ‍ॅल्युमिनेटही दसपट: साडेसातला ०.३, साडेआठला साधारण २.७ मिलिग्रॅम. आता ४० मिलिग्रॅम तुरटीत मुळात अ‍ॅल्युमिनियम असतं ३.२ मिलिग्रॅम. म्हणजे साडेआठला गाळाचा बहुतेक भाग विरघळलेला असायला हवा. प्रत्यक्षात गाळ मुरत जातो तसा तो कमी विरघळतो, तापमानही आड येतं, म्हणून मोजलेला आकडा यापेक्षा कमी भरतो. पण दिशा हीच आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालेल.

यातली फसवी बाब अशी, की पाणी अगदी नितळ दिसतं. विरघळलेलं अ‍ॅल्युमिनेट वाळूच्या गाळणीतून सहज निघून जातं, गाळणीला त्याची काही खबर नसते. नंतर टाकीत, नळात, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पाण्याचा पीएच हळूहळू उतरतो, गाडी मागे येते, आणि साका पुन्हा तयार होतो. मग घरोघरी लोक म्हणतात, पाणी साठवल्यावर टाकीच्या तळाशी पांढरट गाळ बसतो. त्याची इतर कारणंही आहेत, चुन्याचा गाळही तसाच दिसतो. पण गाळण झाल्यावर नितळ आणि नंतर गढूळ, हे लक्षण दिसलं की आधी पीएच मोजावा. पीएच मोजायला महागडं यंत्र लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र प्रयोगशाळेतच कळतं.

दोन लिटर पाणी पिणाऱ्या, मूत्रपिंडं ठीक असलेल्या माणसाला यातून लगेच काही होत नाही. आतड्यातून अ‍ॅल्युमिनियमचा एक टक्काही रक्तात जात नाही आणि जो जातो तो मूत्रपिंडं बाहेर टाकतात. डायलिसिसवरच्या माणसाकडे हे दोन्ही पहारेकरी नाहीत. त्याच्या रक्तासमोरून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर पाणी जातं. चार तासांत १२० लिटर, आठवड्याला ३६० लिटर. मध्ये एक पातळ पडदा. म्हणून डायलिसिसच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्याच्या उच्च मर्यादेच्या विसाव्या भागाइतकी.

आणि इथे जटिल आयनांचा समतोल पुन्हा एकदा भेटतो. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं लोखंड वाहून नेणारं प्रथिन असतं. अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनवाले साथीदार आवडतात, आणि ते या प्रथिनाला धरून बसतं. जेवढं धरून बसलं तेवढं मुक्त रूपात राहत नाही, त्यामुळे पाण्यात थोडंच अ‍ॅल्युमिनियम असलं तरी पडद्यापलीकडून ते रक्ताकडे वाहतच राहतं. समतोल रक्ताकडे ओढलेला असतो. प्रथिन पडद्यातून परत जाऊ शकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

याचे परिणाम १९७० च्या दशकात जगाला कळले. डायलिसिसवरचे रुग्ण अडखळत बोलू लागत, हातपाय झटके देत, विसरत, आणि काही महिन्यांत दगावत. अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे डॉ. अल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मेंदूतलं अ‍ॅल्युमिनियम मोजून त्याचं कारण दाखवलं. हाडं ठिसूळ होणं आणि लोह देऊनही न भरून येणारा रक्तक्षय, हेही याच विषबाधेचे चेहरे आहेत. त्या काळी फॉस्फेट कमी करायला रुग्णांना अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्याही देत. आता सर्रास देत नाहीत.

क्युरसाओ या कॅरिबियन बेटावर १९९६ साली जे घडलं ते या विषयात मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तिथे पाणी समुद्राचं, खारेपणा काढलेलं, त्यामुळे अतिशय मऊ. डायलिसिस केंद्राकडे जाणारी नवी पाण्याची वाहिनी आतून सिमेंटचा लेप दिलेली होती. सिमेंटमध्ये अ‍ॅल्युमिनेट असतंच. मऊ पाण्याने लेपातला चुना खाल्ला, अल्कता वाढली आणि त्या अल्कात अ‍ॅल्युमिनियम विरघळलं. पाण्याला ना रंग, ना वास. २७ रुग्ण त्या पाण्यावर होते, त्यातले १० दगावले. तुरटी नव्हती, केंद्रावर कुणी चुकीचा चुना टाकला नव्हता. एवढंच, की पाणी त्या स्थानकाच्या पुढे गेलं होतं.

पाणी शुद्ध करायच्या यंत्रात रेझिनची बाटली असते, ती पाण्याचा कडकपणा काढते. तिच्यामुळे आपण निश्चिंत होतो, पण ती धन आयन धरते, कॅल्शियम, मॅग्नेशियम. अल्कधर्मी पाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम ऋण भाराचं असतं. ते तिच्यातून मोकळं निघून जातं. म्हणून उलट परासरण, म्हणजे आरओ, हाच पुढचा पहारा, आणि तो नीट चालला आहे ना ते पाहण्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता रोज आणि अ‍ॅल्युमिनियम ठरावीक काळाने तपासायचं. वाहकतेचा आकडा चांगला आला तरी अ‍ॅल्युमिनियम वेगळं मोजावं लागतं, कारण ते अगदी थोड्या प्रमाणात असताना वाहकतेवर दिसत नाही.

रुग्णांसाठी एकच गोष्ट सांगतो, कारण ती घरात घडते. मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाने छातीत जळजळ झाली म्हणून पांढरं अ‍ॅन्टासिडचं जेल घेऊ नये, विचारल्याशिवाय तर नाहीच. त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच असतं. त्याबरोबर लिंबू सरबत किंवा सायट्रेटवाला फसफसणारा सोडा घेतला तर परिणाम आणखी वाढतो: सायट्रेट अ‍ॅल्युमिनियमला आपल्या ऑक्सिजनने धरतं, विद्राव्य जटिल तयार होतं आणि आतड्यातून ते जास्त शोषलं जातं. म्हणजे साका विरघळवायला अल्कच लागतो असं नाही. ज्याची पकड घट्ट, तो आयन घेऊन जातो. आम्ही अ‍ॅल्युमिनियमची विषबाधा उतरवायला डेस्फेरिऑक्सामिन देतो ते याच तत्त्वावर, तेही अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनने घट्ट पकडतं. उपचार आणि अपाय एकाच रसायनाच्या दोन बाजू आहेत, असं म्हणणं फार गोड वाटेल, पण वैद्यकात हे फार ठिकाणी खरं आहे आणि मी त्याला सरावलो आहे.

घरी हा प्रयोग करू नका, असं मी त्या मुलाला बजावलं. कॉस्टिक सोड्याचा थेंब डोळ्यात गेला तर आम्लापेक्षा जास्त नुकसान करतो. तो आत आत झिरपत राहतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, चष्मा घालून, शिक्षकांसमोर तो प्रयोग करा. परीक्षानळीत साका विरघळल्यावर थांबू नका, त्यात नळीने हळूच श्वास सोडा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जाईल. काही वेळाने साका परत येतो. (फुंकर मारायची, तोंडात ओढायचं नाही.) आणि जस्ताच्या साक्यात कॉस्टिक सोड्याऐवजी अमोनिया टाकून पाहा. जस्त अमोनियाच्या चार रेणूंना धरून [Zn(NH₃)₄]²⁺ होतं आणि विरघळतं, अ‍ॅल्युमिनियमचा साका मात्र तसाच राहतो. कारण अ‍ॅल्युमिनियम नायट्रोजनकडे ओढलं जात नाही, त्याला ऑक्सिजनच हवा. परीक्षेत दोन्ही ओळखायला हाच धागा कामाला येतो.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याने वहीत ‘अधिक अल्कात विद्राव्य’च्या खाली समीकरण लिहिलं होतं आणि मग पेन्सिलने एक प्रश्न: ‘‘वडिलांच्या डायलिसिसच्या पाण्याचं अ‍ॅल्युमिनियम कधी मोजलं?’’ मी त्याला कक्षातली नोंदवही दाखवली. शेवटची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती, त्या नोंदीसमोर आकडा होता, पण तपासलेल्या पाण्याचा पीएच लिहिलेला नव्हता. पुढच्या नमुन्यापासून तो रकाना वाढवला आहे.